व्हायवातला प्रश्न आणि मध्येच दिसणारा बारा

*मी खानापूर तालुक्यातला, बेळगावात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मिनी प्रोजेक्ट म्हणून कुंद्याचे डबे मोजणारं सर्किट केलंय. पट्ट्यावरून डबा गेला की सेन्सरचा पल्स येतो आणि ७४७६ चा चार बिटांचा सिंक्रोनस काउंटर तो मोजतो. एका खोक्यात सोळा डबे बसतात. बारावा डबा आला की दिवा लागतो, म्हणजे माणसाने रिकामं खोकं आणून ठेवायचं. त्याच बाराच्या आउटपुटला खोक्यांच्या काउंटरचा क्लॉक जोडलाय. इंटर्नलला मॅडमनी विचारलं, ‘रिपल का नाही वापरला?’ मी म्हटलं, ‘सिंक्रोनस फास्ट असतो, त्यात प्रोपॅगेशन डिले नसतो.’ त्या म्हणाल्या, ‘सेकंदाला एक डबा येतो, मग फास्ट कशाला हवा? आणि डिले नसतो म्हणजे काय?’ मी गप्प बसलो. मित्राने रिपलच वापरलाय, त्याला कुणी काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात एक्स्टर्नल येणार. डिझाइन बदलून रिपल करू, की एखादं चांगलं उत्तर पाठ करून जाऊ?*

प्रिय विद्यार्थी मित्रा,

डिझाइन बदलू नकोस आणि पाठांतरही करू नकोस. सर्किटमधली एक जोडणी मात्र बदलावी लागेल. तुझ्या पत्रात ती अगदी सहज येऊन गेली आहे. तिच्याकडे येतोच, पण आधी तुझ्या उत्तरातले दोन शब्द तपासू.

मॅडमनी तुला अडवलं असं तुला वाटतंय. मला तसं वाटत नाही. ‘सेकंदाला एक डबा येतो’ असं म्हणून त्यांनी वेगाचं कारण बाजूला काढलं आणि दुसरं कारण शोधायला तुला जागा करून दिली. ते दुसरं कारण तुझ्याच सर्किटमध्ये आहे.

आधी डिलेचं बघू. ‘सिंक्रोनसमध्ये डिले नसतो’ हे वाक्य गाइडांमधून आणि सीनियरांच्या नोट्समधून फिरत असतं, पण ते चूक आहे. तू वापरलेल्या ७४७६ मध्ये, एलएस जातीची चिप असेल तर, क्लॉकची कड आल्यापासून आउटपुट बदलेपर्यंत जास्तीत जास्त २० नॅनोसेकंद लागतात. डेटाशीटमध्ये तसं छापलेलं आहे. फ्लिप-फ्लॉप रिपलमध्ये लावला की सिंक्रोनसमध्ये, याने त्याच्या पोटात काही फरक पडत नाही. दोन्हीकडे त्याला तेवढाच वेळ लागतो. फरक पडतो तो हे डिले एकावर एक चढतात की नाही, याने.

शाळेतला पीटीचा तास आठव. सरांनी शिट्टी वाजवली की सगळ्यांनी बसायचं, हा झाला सिंक्रोनस. शिट्टी ऐकून गुडघे वाकवायला प्रत्येकाला क्षणभर लागतोच, पण सगळ्यांचा तो क्षण एकदमच सुरू होतो. आता शिट्टी फक्त पहिल्या मुलाला ऐकू येते आणि बाकीच्यांनी पुढचा बसला की बसायचं असं ठरलं, तर तो रिपल. चौथा मुलगा बसेपर्यंत चार क्षण जातात. मुख्य म्हणजे मधल्या वेळात कुणी रांगेकडे पाहिलं, तर अर्धे बसलेले आणि अर्धे उभे दिसतात. सरांनी तसं करायला सांगितलेलंच नव्हतं. हे मधलं दृश्य लक्षात ठेव, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

आता ‘फास्ट’. हा शब्द सर्रास वापरला जातो, म्हणून त्याचा हिशेब एकदा मांडतो. नुसते पल्स मोजायचे किंवा वारंवारता भागायची असेल, तर रिपल काउंटरच्या वेगाची मर्यादा त्याच्या पहिल्या फ्लिप-फ्लॉपने ठरते. दुसऱ्याला अर्ध्याच वेगाने काम करायचं असतं, तिसऱ्याला पाव वेगाने. एलएस ७४७६ ची डेटाशीट ३० मेगाहर्ट्झची हमी देते. म्हणजे तुझ्या मित्राचा रिपल ३० मेगाहर्ट्झचे पल्ससुद्धा न चुकता सोळाने भागेल.

तुझ्या सिंक्रोनसचं काय? त्यात चौथ्या फ्लिप-फ्लॉपला जाणारा सिग्नल असा बनतो:

```
J3 = K3 = Q0·Q1·Q2
```

बहुतेक मुलं हे ७४०८ मधली दोन गेट्स एकामागे एक लावून करतात. तूही तसंच केलं असशील, तर कमाल आकडे धरून फ्लिप-फ्लॉपचे २०, पहिल्या गेटचे २०, दुसऱ्याचे २० आणि पुढची कड येण्याआधी J-K वर सिग्नल स्थिर राहायला २० नॅनोसेकंद लागतात. एकूण ८०. म्हणजे हमखास चालण्याची मर्यादा साडेबारा मेगाहर्ट्झ. नुसत्या मोजण्यापुरतं बघितलं तर तुझं सर्किट मित्राच्या सर्किटपेक्षा सावकाश आहे! दोन गेट्सऐवजी तीन इनपुटचं एकच गेट लावलंस, तर एक टप्पा वाचून ६० नॅनोसेकंदांवर येशील, तरीही ३० मेगाहर्ट्झ गाठणार नाहीस.

मग पुस्तकं सिंक्रोनसला वेगवान का म्हणतात? कारण ती चारही बिट एकत्र वाचण्याबद्दल बोलत असतात. ३० मेगाहर्ट्झला दर ३३ नॅनोसेकंदांनी नवी कड येते. रिपलचा चौथा बिट बदलायला ८० पर्यंत लागू शकतात. तोवर आणखी दोन कडा येऊन गेलेल्या असतात. भागाकार बरोबर चाललेला असतो, पण चारही बिटांवर एका वेळी खरी संख्या बऱ्याचदा उभीच नसते. ‘कशासाठी फास्ट’ हे न सांगता ‘फास्ट’ म्हटलं, तर परीक्षक पुढचा प्रश्न विचारणारच.

आणि तुझ्याकडे तर सेकंदाला एक डबा आहे. ८० नॅनोसेकंद तिथे जाणवणारही नाहीत. म्हणून ‘वेग हे माझं कारण नाही’ हे तूच आधी मान्य करून टाक.

खरं कारण बघायला तुझा बारा हाताशी घेऊ. बारा म्हणजे ११००. तो ओळखायला तू Q3 आणि Q2 सरळ, Q1 आणि Q0 उलटे घेऊन चार इनपुटच्या अँड गेटला दिले असणार. आता समज, काउंटर रिपल आहे आणि तेरावरून चौदावर, नंतर पंधरावरून शून्यावर चालला आहे. कागदावर ते एका उडीत होतं. प्रत्यक्षात असं होतं:

```
13 -> 14 :  1101 -> 1100 -> 1110
15 -> 0  :  1111 -> 1110 -> 1100 -> 1000 -> 0000
```

दोन्ही ओळींत मध्ये ११०० आहे. तेराचा चौदा होताना Q0 आधी खाली येतो आणि त्याच्या खाली येण्याने Q1 वर जातो. या दोघांच्या मधल्या वेळात काउंटर बारा दाखवतो. पंधराचा शून्य होताना बिट उजवीकडून एकेक पडत जातात आणि दोन पडल्यावर पुन्हा बारा उभा राहतो. खरा बारा एकदा येतो आणि त्याच फेरीत खोटा बारा दोनदा येतो. तू दिवा लावायला दुसरा आकडा निवडला असतास, तर खोट्यांची जागा आणि संख्या बदलली असती. म्हणून आपल्या आकड्यासाठी अशा ओळी वहीत स्वतः मांडायच्या. सोळाच बदल आहेत, दहा मिनिटांचं काम.

हा खोटा बारा किती वेळ टिकतो? एका फ्लिप-फ्लॉपच्या डिलेइतका, साधारण १५ नॅनोसेकंद. इथे तुझा ‘सेकंदाला एक डबा’ काही कामाचा नाही. डबा तासाने एक आला, तरी तेराचा चौदा होताना तो खोटा बारा तेवढाच येणार आणि तेवढाच टिकणार. क्लॉक कितीही हळू केला तरी कडेनंतरची ही गडबड कमी होत नाही, ती फक्त कमी वेळा घडते. मॅडमना हवं होतं ते हेच असावं.

पण त्या १५ नॅनोसेकंदांनी कुणाचं काय बिघडतं? अँड गेटच्या पुढे काय जोडलंय, यावर ते अवलंबून आहे. एलईडी असेल तर काहीच नाही. एवढ्या वेळात डोळ्याला काही दिसत नाही आणि रिकामं खोकं आणणाऱ्या माणसाला दोन खोटे बारा आले हे कळतही नाही. पण पुढे दुसऱ्या काउंटरचा क्लॉक असेल तर? क्लॉकच्या पायाला दिवा लागला की नाही याच्याशी देणंघेणं नाही, त्याला कड हवी. एलएस ७४७६ ला क्लॉकचा पल्स किमान २० नॅनोसेकंद रुंद लागतो असं डेटाशीट सांगते. आपला खोटा पल्स १५ च्या आसपास. म्हणजे तो नक्की मोजला जाईल असंही नाही आणि नक्की मोजला जाणार नाही असंही नाही. सोळा डब्यांमागे खोक्यांचा आकडा कधी एकाने वाढेल, कधी दोनाने, कधी तीनाने. एका चिपवर सगळं सुरळीत, दुसरी लावली की बिघडलं. हमी फक्त २० च्या वरची असते, खाली काय होईल ते त्या चिपवर आणि त्या दिवसाच्या तापमानावर.

हे मी अनुभवाने सांगतोय. उमेदवारीच्या काळात एका कारखान्यासाठी नग मोजणारं कार्ड मी असंच रिपलवर केलं होतं, डीकोड केलेला सिग्नल थेट पुढच्या काउंटरच्या क्लॉकवर. टेबलावर ते दोन दिवस बिनचूक चाललं. पुढे तिथली एक चिप उडाली. त्याच नंबरची, पण दुसऱ्या कंपनीची बसवली आणि बॅचचा आकडा चुकायला लागला. आठवडाभर मी सेन्सर पुसत होतो, अर्थिंग बघत होतो, मोटरच्या वायरी लांब नेत होतो. चूक माझ्या कागदावर होती. वहीत चार ओळी मांडल्या असत्या तर आठवडा वाचला असता.

आता ती जोडणी. तू लिहिलंयस की बाराच्या आउटपुटला खोक्यांच्या काउंटरचा क्लॉक जोडलाय. काउंटर सिंक्रोनस केलास हे बरं केलंस, पण ही जोडणी ठेवलीस तर अर्धा फायदा सोडून दिल्यासारखं आहे. सिंक्रोनसमध्ये चारही बिट एकाच कडेवर बदलायला निघतात खरे, पण चारही फ्लिप-फ्लॉप तंतोतंत एकाच क्षणी पोचतील असं कुठलीही डेटाशीट लिहून देत नाही. कुणी १२ नॅनोसेकंद घेईल, कुणी १७. मधल्या पाचेक नॅनोसेकंदांत इथेही नको ती संख्या डोकावू शकते. ती इतकी बारीक असते की बहुधा गेटमधून पुढे जात नाही. पण ‘बहुधा’ हा शब्द एक्स्टर्नलसमोर आला की पुढचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. सिंक्रोनस लावला की ग्लिच, म्हणजे असा क्षणभराचा खोटा आकडा, संपला असं बोलू नकोस.

सिंक्रोनसची खरी ताकद वेगळी आहे. कडेनंतर एका ठरलेल्या वेळात सगळे बिट स्थिर होतात आणि पुढची कड येईपर्यंत स्थिर राहतात. मग बाराचा सिग्नल त्या पुढच्या कडेवरच वाचायचा, मध्ये कधी नाही. म्हणून बाराचं आउटपुट खोक्यांच्या काउंटरच्या क्लॉकवरून काढ आणि त्याच्या पहिल्या फ्लिप-फ्लॉपच्या J आणि K ला दे. क्लॉकच्या पायाला सेन्सरचा तोच पल्स दे, जो पहिल्या काउंटरला जातो. खोक्यांचा काउंटर दोन बिटांचा असेल, तर दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपच्या J-K ला बाराचा सिग्नल आणि पहिल्याचा Q यांचा अँड आणि क्लॉक पुन्हा तोच:

```
JA = KA = D          (D = Q3·Q2·Q1'·Q0')
JB = KB = D·QA
```

आता D वर मध्ये काहीही थरथरू दे, पुढची कड येते तेव्हा ते केव्हाच शांत झालेलं असतं. फ्लिप-फ्लॉपचे २० आणि गेटचे २० मिळून ४० नॅनोसेकंदांत D स्थिर होतो, दुसरं गेट धरलं तर ६० मध्ये. कड येणार एका सेकंदाने. एक बारकावा सांगून ठेवतो. या जोडणीत खोक्यांचा आकडा तेराव्या डब्याला वाढेल, बाराव्याला नाही, कारण बारा उभा असताना येणारी कड ही तेराव्या डब्याची. तुझ्या जुन्या जोडणीतही तसंच होत असणार, कारण ७४७६ खाली येणाऱ्या कडेवर चालतो आणि बाराचा सिग्नल खाली येतो तो तेराव्या डब्यालाच. हे विचारलं तर गोंधळू नकोस.

हे सगळं तुला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल आणि बघच, कारण पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोलताना आवाज वेगळा लागतो. लॅबमध्ये अर्ध्या तासासाठी तोच काउंटर रिपल करून जोड. चारही J-K पाच व्होल्टला, क्लॉक फक्त पहिल्याला, आणि प्रत्येकाचा Q पुढच्याच्या क्लॉकला. (७४७६ मध्ये पाचव्या पायाला पाच व्होल्ट आणि तेराव्याला ग्राउंड. नेहमीच्या चिपसारखं कोपऱ्यावर देऊन बसलास तर तासभर काही सुधरणार नाही.) फंक्शन जनरेटरच्या टीटीएल आउटपुटवरून एक मेगाहर्ट्झचा क्लॉक दे. स्कोपचा ट्रिगर Q3 वर ठेव आणि प्रोब बाराच्या गेटवर लाव. सेकंदाला एक पल्स देऊन हे दिसत नाही, कारण खोट्या बाराचा काटा एवढ्या क्वचित येतो की पडद्यावर त्याचा मागमूस राहत नाही. एक मेगाहर्ट्झला एक रुंद पल्स दिसेल, एक मायक्रोसेकंदाचा. तो खरा बारा. तो सुरू झाल्यापासून दोन मायक्रोसेकंदांवर एक बारीक काटा आणि चार मायक्रोसेकंदांवर दुसरा. पहिला तेराच्या चौदाचा, दुसरा पंधराच्या शून्याचा. तुझ्या लॅबचा स्कोप २० मेगाहर्ट्झचा असेल तर काट्याऐवजी बुटका उंचवटा दिसेल. तेवढ्या अरुंद पल्सला पूर्ण उंची दाखवण्याची त्याची ताकदच नसते. १०० मेगाहर्ट्झचा डिजिटल मिळाला तर छान. मग सर्किट पुन्हा सिंक्रोनस कर आणि त्याच जागी बघ. दोन्हींचे फोटो रेकॉर्डमध्ये चिकटव.

एक सावधगिरी. खोक्यांचा आकडा चुकला की तो ग्लिचच, असं धरून चालू नकोस. सेन्सरचा सिग्नल कडेला थरथरत असेल, तर एका डब्याचे दोन-तीन पल्स होतात. त्यावर सिंक्रोनस काउंटर काहीही उपाय करत नाही, उलट ते सगळे इमानदारीत मोजतो. ओळखायची खूण सोपी आहे. थरथर असेल तर डब्यांचा आकडाच चुकतो आणि कुठेही चुकतो. ग्लिच असेल तर डब्यांचा आकडा बरोबर असतो आणि फक्त खोक्यांचा आकडा जास्तीचा वाढतो, तोही नेमका चौदाव्या किंवा सोळाव्या डब्याला. थरथरीचा उपाय सेन्सर आणि काउंटरच्या मध्ये, श्मिट ट्रिगर इन्व्हर्टर म्हणजे ७४१४. लावला नसशील तर लाव.

आता मित्राचं. त्याच्या काउंटरपुढे फक्त एलईडी किंवा सेव्हन सेगमेंट असेल, तर त्याने रिपल लावला हे बरोबरच केलं आणि कुणी विचारलं नाही यात नवल नाही. कमी गेट्स, कमी वायरी, आणि वरच्या बिटांचे फ्लिप-फ्लॉप क्वचितच हलत असल्याने वीजही कमी. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळाचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा फ्लिप-फ्लॉप एकामागे एक लावले की सेकंदाला एक ठोका मिळतो. तिथे मधले बिट एकत्र वाचायचेच नसतात, शेवटच्या एका बिटाशी काम. अशा ठिकाणी रिपलला नावं ठेवणारा माणूस प्रश्न नीट वाचत नाहीये, असं मी म्हणेन. तेव्हा ‘रिपल वाईट असतो’ हे वाक्य तुझ्या तोंडून येऊ देऊ नकोस.

एक्स्टर्नल जाणते असतील तर पुढे विचारतील, ‘मग तुझ्या कामाला रिपल चाललाच नसता का?’ इथे खरं बोल. चालला असता. बाराच्या गेटच्या पुढे आणखी एक अँड घेऊन त्याला क्लॉक द्यायचा. ७४७६ खाली येणाऱ्या कडेवर बदलतो, म्हणजे सगळी गडबड क्लॉक खाली असताना होते. तेव्हा हे गेट बंद असतं. क्लॉक पुन्हा वर येईपर्यंत बिट कधीच स्थिरावलेले असतात आणि तेव्हाच खरा बारा पुढे जातो. एका गेटमध्ये काम होतं आणि तुझ्या सिंक्रोनसला दोन जास्तीची गेट्स लागली आहेत. अट एवढीच की क्लॉक खाली असण्याचा वेळ ८० नॅनोसेकंदांपेक्षा जास्त हवा आणि डब्यांच्या पट्ट्यावर तो आहेच. हे कबूल केल्याने तुझं डिझाइन कमी ठरत नाही. सिंक्रोनसमध्ये दिवा बाराऐवजी दुसऱ्या आकड्यावर न्यायचा झाला, बिट वाढवायचे झाले किंवा आणखी एखादा आकडा ओळखायचा झाला, तरी प्रत्येक वेळी खोटे आकडे कुठे येतात ते शोधत बसावं लागत नाही. पुढच्या कडेवर वाचलं की झालं. मी तुझ्या जागी असतो तर याच कारणाने सिंक्रोनस ठेवला असता.

बोलताना क्रम असा ठेव. शब्द तुझे असू देत, मी नमुना देतो:

‘सर, माझ्या कामात वेग हे कारण नाही, सेकंदाला एकच पल्स येतो. कारण असं की, मी बारा ही अवस्था ओळखून तिच्यावर दुसरा काउंटर चालवतो. रिपलमध्ये तेराचा चौदा होताना आणि पंधराचा शून्य होताना मध्ये क्षणभर बाराच दिसतो आणि क्लॉक हळू असला तरी तो दिसतो. सिंक्रोनसमध्ये बिट ठरलेल्या वेळात एकत्र स्थिर होतात, म्हणून मी बाराचा सिग्नल पुढच्या कडेवर वाचतो.’

एवढं बोलून थांब. वर्षानुवर्षं टेबलाच्या पलीकडे बसून मी पाहिलंय, मुलं बरोबर उत्तर देतात आणि शांतता सहन न होऊन पुढे आणखी एक वाक्य जोडतात. ते वाक्य बहुतेक वेळा ‘आणि सिंक्रोनसमध्ये डिले नसतो’ हेच असतं. परीक्षक लिहीत असतील तर लिहू दे.

मराठी शाळेतून आलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना इंग्रजीत हे बोलताना अडखळायला होतं आणि समोरचे सर कन्नड किंवा इंग्रजीतच बोलणार असतात. यावर माझा उपाय असा: वरच्या दोन ओळी, `1101 -> 1100 -> 1110` आणि तिच्याखालची, रेकॉर्डच्या डाव्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव आणि मधल्या ११०० ला पेन्सिलने गोल कर. प्रश्न आला की पान त्यांच्याकडे वळव, गोलावर बोट ठेव आणि ‘धिस इज अ फॉल्स ट्वेल्व्ह’ म्हण. पुढचं ते स्वतःच वाचतील. सोबत ७४७६ च्या डेटाशीटचं डिले आणि पल्सची रुंदी दाखवणारं एक पान ठेव, २० नॅनोसेकंदांच्या दोन्ही ओळींखाली रेघ मारून.

वायर बदललीस की सोळा डब्यांच्या निदान दहा फेऱ्या करून बघ आणि प्रत्येक फेरीला खोक्यांचा आकडा कितव्या डब्याला वाढला ते लिहून ठेव. दहाही वेळा तेराव्याला यायला हवा. एकदा जरी चौदाव्याला किंवा सोळाव्याला आला, तर खोक्यांच्या काउंटरचा क्लॉकचा पाय अजून जुन्याच वायरवर आहे का ते आधी तपास.